‘निष्कर्ष रोबस्ट आहे’ : एका रकान्यामागच्या शंकेची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील विद्यार्थी राज्याच्या हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या गावांची तुलना करणारे जे शोधनिबंध लिहितात, त्यांतील अनेकांच्या शेवटी ‘रोबस्टनेस चेक’ या मथळ्याखाली सात-आठ रकान्यांचे कोष्टक असते आणि त्याखाली ‘सर्व रकान्यांत निष्कर्ष कायम राहतो’ असे एकच वाक्य असते. कोणता रकाना कोणत्या शंकेसाठी आहे, हे लिहिलेले नसते. हा केवळ विद्यार्थ्यांचा निष्काळजीपणा नाही. हा शब्द आपल्याकडे ज्या वाटेने आला त्या वाटेवरच त्याचे अर्थ एकमेकांत मिसळले आहेत.

संख्याशास्त्रात ‘रोबस्ट’ हा शब्द १९५३ साली वापरात आला, तेव्हा तो निष्कर्षाचे नव्हे तर पद्धतीचे विशेषण होता. आकडेवारी ‘नॉर्मल’ वितरणाची नसली तरी जी चाचणी फारशी बिघडत नाही ती रोबस्ट, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा अर्थ १९८० नंतर रूढ झाला. प्रत्येक निरीक्षणातील चुकीचा विस्तार सारखा नसला तरी चालेल अशा रीतीने स्टँडर्ड एरर काढण्याची पद्धत तेव्हा अर्थशास्त्रात आली, आणि कोष्टकांच्या तळटीपांत ‘रोबस्ट स्टँडर्ड एरर कंसात’ असे छापले जाऊ लागले. येथे गुणांक, म्हणजे परिणामाचा काढलेला अंदाज, तसूभरही बदलत नाही. बदलते ती फक्त त्याच्याभोवतीची अनिश्चितता. तिसरा अर्थ आजच्या कोष्टकाचा आहे: समीकरण, नमुना किंवा मोजमाप बदलूनही उत्तर टिकते की नाही. अडचण अशी की दुसऱ्या अर्थाची सोय केल्यावर तिसऱ्या अर्थाचा दावा केला जातो. मी वाचलेल्या एका प्रबंधात तर सॉफ्टवेअरला `robust` हा पर्याय दिला, एवढ्याच आधारावर ‘निष्कर्ष रोबस्ट आहे’ असे लिहिले होते. त्या आदेशाने फक्त एका शंकेचे उत्तर दिले होते, आणि ती शंका त्या विषयात कोणी घेतलेलीच नव्हती.

तिसरा अर्थ रुजण्यामागे १९८३ ची एक बोचरी टीका आहे. संशोधक असंख्य समीकरणे चालवतात आणि त्यांतील मनासारखी निवडक छापतात, म्हणून पर्याय बदलल्यावर उत्तर किती हलते हे वाचकांना दाखवा, असा तिचा आग्रह होता. तो हळूहळू मान्य झाला, पण जरा चुकीच्या रूपात: कोणते पर्याय बदलायचे हे ज्याचे त्याने ठरवावे आणि न हलणारे पर्याय छापावेत. २००४ मध्ये एका अभ्यासाने अस्तित्वातच नसलेले कायदे मनाने ठरवलेल्या वर्षी लागू झाले असे मानून हिशेब केला, तेव्हा निव्वळ योगायोगाने अपेक्षित असलेल्या पाच टक्क्यांऐवजी ४५ टक्क्यांपर्यंत वेळा त्या काल्पनिक कायद्यांचा ‘परिणाम’ सापडला. माझ्या मते या विषयातली ही सर्वांत शिकवणारी तपासणी आहे, कारण तिच्यात शंका आधी आहे: एकाच राज्याची लागोपाठची वर्षे एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, मग स्टँडर्ड एरर खोटा लहान येत असेल का? २०१४ च्या एका लेखाने आणखी एक गाठ सोडवली. गुणांक हलला नाही म्हणजे तो बरोबर आहे असे नाही; एखादे आवश्यक चल काढल्यावर तो हलायलाच हवा, आणि हलला नाही तर उलट विचारात पडावे.

हे सीमाभागाच्या उदाहरणात पाहू. समजा, २०११ च्या जनगणनेवरून हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आतील गावांची तुलना केली आणि स्त्री-साक्षरतेत दोन बाजूंमध्ये ६ टक्केबिंदूंचा फरक आला. (येथील सर्व निकाल मांडणी दाखवण्यासाठी मानलेले आहेत.) लेखकाचा दावा असा की हा फरक १९५६ नंतर वेगवेगळ्या राज्यांत राहिल्याचा आहे.

या जमिनीची माहिती असलेल्या वाचकाची पहिली शंका ठरलेली आहे. कागल आणि निपाणी यांच्यामधली रेषा १९५६ ची एकटी नाही. कागल कोल्हापूर संस्थानच्या बाजूचे आणि निपाणी ब्रिटिशांच्या बेळगाव जिल्ह्यातले, म्हणजे तेथे जुनी संस्थानी हद्दही आहे आणि आजचा फरक त्या जुन्या कारभाराचा असू शकतो. याला ‘आम्ही नमुना बदलूनही पाहिला’ हे उत्तर होत नाही. उत्तर चंदगडात आहे. हा तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता आणि पुनर्रचनेच्या वेळी तेवढाच वगळून बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे चंदगड आणि त्याला लागून असलेले बेळगाव-खानापूर यांच्यामधल्या रेषेला संस्थानी इतिहास नाही. शंका खरी असेल तर कागलच्या टापूत फरक दिसेल आणि चंदगडच्या टापूत तो नाहीसा होईल. हे भाकीत आकड्यांच्या आधी लिहायचे असते. आता समजा, चंदगडच्या टापूत फरक ५ आला, पण गावे थोडी असल्याने त्याच्या अनिश्चिततेचा पल्ला उणे १ ते ११ एवढा रुंद निघाला. अशा वेळी ‘निष्कर्ष कायम’ हेही चूक आणि ‘फरक उरला नाही’ हेही चूक. लिहावे असे: अंदाज मूळ आकड्याच्या जवळ आहे, त्यामुळे संस्थानी वारशाने सगळा फरक झाला असण्याची शक्यता कमी झाली, ती नाकारण्याइतकी गावे मात्र या टापूत नाहीत.

या उत्तरातूनच पुढची शंका उगवते, कारण चंदगड वेगळा काढला गेला तो तेथे मराठी भाषक बहुसंख्य म्हणून. मग हा फरक राज्याचा की भाषेचा? येथे दोन्ही बाजूंची मराठी बहुसंख्य गावेच ठेवून पुन्हा हिशेब करावा लागतो. भाषेची शंका खरी असेल तर फरक शून्याकडे सरकेल. तिसरी शंका वेगळ्या जातीची आहे. शेजारची गावे एकाच शाळेवर, एकाच बाजारावर अवलंबून असतात, म्हणून त्यांना स्वतंत्र निरीक्षणे मानता येत नाही. हे लक्षात घेऊन काढलेला स्टँडर्ड एरर १.२ वरून २.१ झाला, तरी ६ हा आकडा तसाच राहील. म्हणून ही ओळ पहिल्या दोन शंकांच्या रकान्यांत मिसळू नये; तेथे उत्तर हलते का हे पाहिले, येथे त्यावर किती विसंबावे हे पाहिले.

पाच, दहा, वीस किलोमीटर असे अंतर बदलून काढलेले रकाने मात्र बहुतेक वेळा शंकेवाचूनच येतात. त्यांना शंका देता येते. हद्दीला अगदी चिकटलेल्या गावांतील मुली पलीकडच्या शाळेत जात असतील, तर दोन बाजूंचा फरक तेथे पुसट होईल. तेव्हा पहिल्या दोन किलोमीटरमधील गावे वगळल्यावर फरक वाढायला हवा. या तपासणीत आकडा न हलणे हा दिलासा नसून त्या शंकेला आधार नसल्याची नोंद आहे.

हद्द ओलांडली की शाळेचे क्रमिक पुस्तक, कचेरीची भाषा, एसटीचे वेळापत्रक आणि पाण्याच्या योजना एकाच वेळी बदलतात. या शंकेला वरीलपैकी कोणताही रकाना उत्तर देत नाही, त्यामुळे अशा निबंधात ‘राज्य बदलल्याचा फरक’ एवढेच लिहिता येते, ‘शालेय धोरणाचा फरक’ असे लिहिता येत नाही.