वायफाय फुकट, मग मोबाइलच्या लहरींचा लिलाव का?

रात्री नऊ वाजले की आमच्या इमारतीत वायफाय रांगायला लागतं. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये पाहिलं, तर आजूबाजूचे पंचवीसेक राउटर दिसतात आणि बहुतेक १, ६ किंवा ११ या चॅनेलवर. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तेवढीच मावतात. त्यात कुणी मायक्रोवेव्ह लावला की आणखी मजा, कारण तोही याच पट्ट्यात चालतो. विजेच्या दर आवर्तनात तो साधारण १० मिलिसेकंद गोंगाट करतो आणि तेवढाच वेळ गप्प बसतो. राउटर त्या फटीतून आपला डेटा रेटतो.

हा पट्टा मोकळा सोडण्याचं एक कारण हेच. ओव्हनच्या गोंगाटाची जागा मक्तेदारीने विकत कोण घेणार? अमेरिकेने तो १९८५ मध्ये दळणवळणासाठी विनापरवाना खुला केला, भारताने २००५ मध्ये. मुख्य अट ही, की ट्रान्समीटरची शक्ती जास्तीत जास्त १ वॉट. इतक्या कमी शक्तीची लहर दोन-तीन भिंतींत दमते, म्हणून पुढच्या गल्लीत तेच चॅनेल पुन्हा वापरता येतं. बोलण्याआधी कानोसा घ्यायचा, कुणी बोलत असेल तर थांबायचं, एवढ्यावर शेजाऱ्यांचं भागतं. शेजाऱ्याच्या राउटरविरुद्ध तक्रार मात्र करता येत नाही.

मोबाइल कंपन्यांच्या ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची गोष्ट वेगळी. ही लहर भिंतींतून आत शिरते आणि टॉवरपासून कित्येक किलोमीटर जाते. टॉवरच्या दोन बाजूंच्या गावांतले फोन एकमेकांना ऐकूच येत नाहीत, टॉवरला मात्र दोन्ही ऐकू येतात. तिथे कानोसा घेऊन काय उपयोग? कोणी कधी बोलायचं हे टॉवरनेच ठरवावं लागतं, म्हणजे त्या भागात पट्ट्याला मालक एकच हवा.

तो कोण, हे ‘आधी येईल त्याला’ या पद्धतीने ठरवण्याचा शेवट आपण पाहिलाय: २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. लिलावात निदान बोली उघड असते. पण सुरुवातीची राखीव किंमत सरकारच ठरवतं आणि घोडं तिथे पेंड खातं. २०१६ मध्ये ७०० चा देशभराचा भाव होता दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये. कुणी फिरकलंच नाही. २०२१ मध्ये ६,५६८ कोटी, तरी तेच. २०२२ मध्ये ३,९२७ कोटींवर आल्यावर जिओने १० मेगाहर्ट्झ घेतले. मधली सहा वर्षं पट्टा रिकामा राहिला. माझ्या मते खरं नुकसान हे. न खणलेला कोळसा उद्या खणता येतो, २०१७ मधली न वापरलेली लहर नाही. ज्या गावात तेव्हा फोनला रेंज नव्हती, त्याला नंतरच्या स्वस्ताईचा काय फायदा?

घरचा राउटर मी आता ५ गिगाहर्ट्झवर टाकलाय. तिथे चॅनेल पुष्कळ आहेत. बेडरूममध्ये सिग्नल जेमतेम पोचतो, पण शेजाऱ्यांचाही माझ्याकडे येत नाही.