दहा वाजून सहा सेकंद

तत्काळ तिकिटाची एसी वर्गांची खिडकी सकाळी १० वाजता उघडते, स्लीपर आणि इतर बिनएसी वर्गांची ११ वाजता. दहाला पाच-सहा सेकंद उलटले की पुष्कळांच्या फोनवर गोल चक्र फिरू लागतं आणि अर्ध्या मिनिटानं ‘पुन्हा प्रयत्न करा’ अशा अर्थाचा संदेश येतो. सर्व्हर झोपला असं वाटतं. खरं तर त्या वेळी तो दिवसातलं सर्वांत जास्त काम करत असतो, फक्त ते काम तुमच्या उपयोगाचं उरलेलं नसतं. असं का होतं हे थोडा हिशेब केला की कळतं.

रेल्वेनंच दिलेला आकडा घेऊ. २२ मे २०२५ रोजी एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली आणि तो तोवरचा उच्चांक होता. म्हणजे सेकंदाला साधारण ५३०. सोयीसाठी ५०० धरू. आता समजा, दहा वाजल्यापासून दर सेकंदाला ३,००० विनंत्या येऊ लागल्या. हा आकडा आपला, हिशेबापुरता. सर्व्हर सेकंदाला ५०० उरकतो, २,५०० मागे साठतात. पहिल्या सेकंदाच्या अखेरीस आलेल्याला ५ सेकंद थांबावं लागतं, दुसऱ्याच्या अखेरीस आलेल्याला १०, तिसऱ्याच्या १५. अ‍ॅपला ३० सेकंदांत उत्तर न आल्यास नाद सोडायला सांगितलेलं असेल, तर सहाव्या सेकंदाला दार बंद झालं. दहा वाजून सहा सेकंदांनंतर बटण दाबणाऱ्या प्रत्येकाला टाइमआउट मिळणार, मग त्याचा फोन कितीही महागाचा असो.

टाइमआउट हा सर्व्हरचा नकार नसतो. ‘मी आता थांबत नाही’ हा तुमच्या अ‍ॅपचा किंवा मधल्या एखाद्या यंत्राचा निर्णय असतो. सर्व्हरला तो बहुधा कळतही नाही. सहाव्या सेकंदाची विनंती त्याच्या हाती येते छत्तिसाव्या सेकंदाला. त्यानंतर तो जी जी विनंती उचलतो, तिचा मालक आधीच निघून गेलेला असतो. आपल्या उदाहरणात ही गर्दी २० सेकंद टिकली तर एकूण ६०,००० विनंत्या झाल्या. त्यांतल्या पहिल्या १८,००० कामी आल्या आणि उरलेल्या ४२,००० उरकायला ८४ सेकंद गेली, सगळी वाया. हॉटेलात पार्सलसाठी थांबलेली माणसं कंटाळून घरी गेली तरी आत आचारी त्यांचेच डोसे घालत बसावा, तशातली गत. त्यात टाइमआउट मिळालेला माणूस घरी जात नाही, पुन्हा बटण दाबतो आणि रांगेच्या शेपटीला नवी विनंती लावतो. चिडून पाच वेळा दाबलं तर पाच. गर्दी ओसरण्याऐवजी स्वतःच स्वतःला वाढवत जाते, ती अशी.

मग आणखी सर्व्हर का लावत नाहीत? लावतात, पण सगळीकडे लावून भागत नाही. आयआरसीटीसीचं संकेतस्थळ आणि अ‍ॅप ही फक्त पुढची खिडकी आहे. खरा जमाखर्च क्रिस या रेल्वेच्याच संस्थेच्या आरक्षण यंत्रणेत असतो, तिला पीआरएस म्हणतात. स्टेशनावरच्या खिडकीतला कारकूनही त्याच यंत्रणेतून तिकीट काढतो. पुढच्या खिडक्या दुप्पट करणं सोपं. चित्रं, रचना, फॉर्मचा सांगाडा अशा न बदलणाऱ्या गोष्टींच्या प्रती गावोगावच्या सर्व्हरवर ठेवता येतात, त्यामुळे पान झटकन उघडतं. पण अमुक गाडी, अमुक तारीख, थर्ड एसी, तत्काळ कोटा, शिल्लक बर्थ ४३ ही नोंद एकच असायला हवी. तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी स्वतंत्रपणे बदलू लागल्या की एकाच खालच्या बर्थवर दोन कुटुंबं येऊन बसतील. म्हणून ही नोंद बदलताना तिला क्षणभर कुलूप लागतं. एकाचं काम होतं, कुलूप निघतं, मग दुसऱ्याचं. वेगवेगळ्या गाड्यांची कामं एकाच वेळी चालू शकतात, पण कोकणकन्येच्या त्या तारखेच्या थर्ड एसीसाठी हजार माणसं आली तर त्या नोंदीपुढे ती एकामागे एकच उभी राहतात.

पडद्यावर `AVAILABLE-0043` दिसतं आणि पुढच्या पायरीवर वेटिंग येतं, त्याचं मूळही इथेच आहे. प्रत्येकाच्या प्रत्येक चौकशीला मूळ नोंद उघडत बसलं तर तिकीट काढायला ताकदच उरणार नाही. म्हणून चौकशीला थोड्या वेळापूर्वीची प्रत दाखवण्याची पद्धत आहे. साध्या दिवशी दहा-वीस सेकंदांचा शिळा आकडा चालून जातो, तत्काळमध्ये तेवढ्या वेळात सगळं संपलेलं असतं. तो आकडा अंदाज म्हणून घ्यावा, आश्वासन म्हणून नाही.

सर्व्हरच्या बाजूनं यावर खरा उपाय कठोर वाटतो: काही जणांना दारातच नाही म्हणायचं. रांग १५,००० च्या पुढे गेली की नव्या विनंतीला आत न घेता लगेच ‘आत्ता जागा नाही’ हे उत्तर द्यायचं. तांत्रिक भाषेत ते ५०३ क्रमांकाचं उत्तर, तर मधल्या यंत्रानं वाट पाहून हात टेकले तर ५०४. पडद्यावर ५०३ दिसला तर तुमची विनंती बहुधा आत गेलेलीच नाही, पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही. ५०४ मात्र कोड्यातला: विनंती आत गेली असेल, कामही झालं असेल, फक्त उत्तर परत आलं नसेल. दुसरा उपाय, प्रत्येक विनंतीवर तिची मुदत लिहून ठेवायची आणि मुदत उलटलेली विनंती न वाचताच फेकायची. वरच्या ४२,००० वाया कामांचा प्रश्न त्यानं सुटतो. तिसरा अ‍ॅपमध्ये करायचा असतो. पुन्हा प्रयत्न आपोआप करायचा तर आधी २ सेकंदांनी, मग ४, मग ८, आणि त्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळून. नाहीतर एकाच क्षणी टाइमआउट झालेले हजारो फोन एकाच क्षणी पुन्हा धडकतात.

गर्दीतली सगळी माणसं नसतातही. रेल्वे मंत्रालयाच्या जून २०२५ मधल्या निवेदनानुसार, तत्काळ उघडल्यावरच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न स्वयंचलित प्रोग्रामचे असत. त्यामुळे १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ फक्त आधार पडताळणी झालेल्या खात्यांना मिळू लागलं, १५ जुलैपासून त्यात आधारचा ओटीपी आला. एजंटांनाही पहिला अर्धा तास बंदी झाली. त्रासाचं आहे हे खरं, पण दारातली निम्मी गर्दी खोटी असेल तर आतली यंत्रं वाढवण्यापेक्षा दारवान नेमणं स्वस्त पडतं.

तिकीट काढणाऱ्याच्या हाती यातलं काय आहे? पहिली गोष्ट तारीख. तत्काळ एक दिवस आधी उघडतं, पण तो दिवस गाडी मूळ स्थानकातून सुटण्याच्या तारखेपासून मोजतात. कोकणकन्या मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटते आणि रत्नागिरीला पहाटे पोहोचते. तुम्हाला ६ तारखेच्या पहाटे रत्नागिरीहून मडगावकडे जायचं असेल, तर ती गाडी ५ तारखेची. तिचं तत्काळ ४ तारखेला उघडणार. ५ तारखेला दहा वाजता बसणाऱ्याचा सर्व्हर कधीच साथ देत नाही!

दुसरी, दहा वाजायच्या आधी उरकता येईल ते सगळं उरकणं. आधार पडताळणी आणि मास्टर लिस्टमध्ये प्रवाशांची नावं आदल्या दिवशीच करून ठेवावीत. एका तत्काळ तिकिटावर चारच प्रवासी बसतात. लॉगिन तीन-चार मिनिटं आधी करावं. फार आधी केलं तर निष्क्रिय सत्र संपतं, अगदी दहाला केलं तर लॉगिनच्याच रांगेत अडकाल. एकच खातं दोन फोनांवर उघडून ठेवण्यात अर्थ नाही, दुसरीकडे लॉगिन केलं की पहिलं सत्र तुटतं. वेळ सर्व्हरची पाहावी, भिंतीवरच्या घड्याळाची नव्हे. नेटच्या वेगाचा बाऊ करू नये, या विनंत्या अगदी छोट्या असतात. स्थिर फोर-जी पुरतं. मध्येच वायफायवरून मोबाइल डेटावर उडी मारणं मात्र टाळा, चालू असलेली जोडणी त्यात तुटते. चक्र फिरत असताना मागे जाणं किंवा पान ताजं करणं म्हणजे रांगेतली जागा सोडून शेवटी जाऊन उभं राहणं.

तिसरी गोष्ट पैशांची, आणि खरी शर्यत इथेच हरली जाते. तुम्ही पैसे भरत असताना बर्थ तुमच्यासाठी राखून ठेवलेला नसतो. पैसे आल्याची खूण पटली की मगच पीआरएसमध्ये नोंद होते. म्हणजे दहाला आधी पोहोचण्यापेक्षा पैसे आधी पोहोचणं महत्त्वाचं. कार्डाच्या वाटेत गेटवे, बँक, ओटीपीचा एसएमएस आणि परतीचा प्रवास असे टप्पे येतात, आणि त्यातला प्रत्येक टप्पा दहा वाजता स्वतःच्या गर्दीत असतो. आयआरसीटीसीच्या ई-वॉलेटमध्ये आधीच पैसे ठेवले की बँकेची फेरी वाचते. नाहीतर यूपीआय, अ‍ॅप उघडं आणि पिन तोंडपाठ. प्रवाशांची माहिती भरताना `Book only if confirm berths are allotted` या ओळीपुढे खूण केली असेल, तर बर्थ नसताना वेटिंगचं तिकीट गळ्यात पडत नाही.

पैसे कापले आणि त्याच क्षणी पडदा गोठला तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. हीच ती ५०४ ची अवस्था: तिकीट निघालंही असेल. आधी `My Transactions` मध्ये `Booked Ticket History` पाहा. तिथे पीएनआर असेल तर तिकीट झालं, एसएमएस येवो न येवो. तिथे काहीच नसेल तर `Failed Transaction History` पाहा आणि मगच नवा प्रयत्न करा. घाईनं काढलेलं दुसरं कन्फर्म तत्काळ तिकीट नंतर रद्द केलं तर परतावा शून्य.

तिकीट नाही आणि पैसेही गेले असतील तर ते अडकले कुठे यावर पुढचं ठरतं. आयआरसीटीसीपर्यंत पोहोचून तिकीट निघालं नसेल तर परतावा तिथून सुरू होतो आणि ज्या मार्गानं पैसे भरले त्याच मार्गानं परत येतो. बँकेतून निघाले पण पलीकडे पोहोचल्याची खूणच पटली नसेल, तर यूपीआयच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानं मुदत घालून दिली आहे: व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत, आणि त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. तक्रार करताना यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि अयशस्वी व्यवहारातला आयआरसीटीसीचा क्रमांक असे दोन्ही द्यावेत. एकच दिला तर बँक आयआरसीटीसीकडे बोट दाखवते आणि आयआरसीटीसी बँकेकडे.