आडात पडलेल्या वस्तू

भोंडल्याचा फेर आवरता घेताना ‘आड बाई आडोणी, आडाचं पाणी काढोनी’ हे गाणं येतं. कथा नाही, सासू-नणंद नाही. आडात काय काय पडलं त्याची नुसती यादी: मासोळी, सुपारी, कात्री, शिंपला. प्रत्येक वस्तूला दिवसाची एक वेळ जोडलेली. मासोळी-सकाळी, सुपारी-दुपारी, कात्री-रात्री आणि शेवटी ‘आडात पडला शिंपला, आमचा भोंडला संपला’. गाणं तोंडोतोंडी आलेलं, त्यामुळे क्रम घरोघर बदलतो. काही ठिकाणी मासोळी संध्याकाळी पडते, तरी यमक बिघडत नाही.

खरा घोळ मासोळीचाच आहे. लहान मुलींना अर्थ सांगताना मासाच सांगितला जातो. आडात मासा असणं साहजिक, पण मग तो आडात ‘पडला’ कसा? मासोळी म्हणजे पायाच्या बोटात जोडव्यांबरोबर घालायचा, माशाच्या घाटाचा दागिनाही. तो अर्थ घेतला की यादी एकदम घरातली होते. आडाच्या काठाशी पाय धुताना सैल दागिना निसटावा, पानाच्या तबकातली सुपारी घरंगळावी, शिवणातली कात्री हातून सुटावी. शिंपलाही समुद्रावरचा नव्हे. तान्ह्या बाळाला दूध किंवा औषध पाजायला तो घरात असायचाच.

याला आक्षेप असा, की मासोळ्या घालणार लग्न झालेली; फेर धरणाऱ्या कुमारिकांच्या पायात त्या कुठल्या? पण बालविवाहाच्या काळात दहा-बारा वर्षांच्या सासुरवाशिणीही माहेरी येऊन याच फेरात असत, त्यामुळे आक्षेप फार टिकत नाही. दागिन्याचाच अर्थ मला पटतो. तरी एक मान्य करायला हवं: या वस्तू आठवणीने जितक्या निवडल्या, तितक्याच यमकाने. ‘रात्री’ला जुळेल असं घरात कात्रीशिवाय फारसं काही सापडत नाही. यादी वाढत नाही तीही त्यामुळेच. वेळा संपतात तिथे वस्तू संपतात.

पुढे गाणी छापील पुस्तिकांत आली आणि घरोघरचे पाठ एकसारखे होत गेले. नळ आले, वाडे पडले, आड बुजवले गेले. बोटांत जोडवी राहिली, मासोळ्या दुर्मिळ झाल्या, आणि अर्थ आपोआप माशाकडे सरकला. आता सोसायटीच्या गच्चीवर आणि परदेशातल्या मराठी मंडळांच्या हॉलमध्येही भोंडला होतो, तो बहुधा सुटीच्या दिवशी, एकाच संध्याकाळी. गाण्यात मात्र सकाळ, दुपार, रात्र सगळं मिनिटभरात उरकतं. शिंपला पडला की फेर थांबतो आणि कोणीतरी खिरापतीचा डबा कानाशी नेऊन वाजवतं.