प्रोटॉन नेमका कुठे थांबतो?

वैज्ञानिक परिषदेत सत्राध्यक्षांची ओळख करून देण्याची एक ठरलेली रीत आहे. ‘यांना ओळखीची गरज नाही’ असं म्हणायचं आणि लगेच दोन पानी बायोडेटा वाचायला घ्यायचा. पदव्या, पुरस्कार, शोधनिबंधांचा आकडा. सभागृहातल्या तज्ज्ञांना ते सगळं ठाऊक असतं आणि बाकीच्यांना त्यातून काहीच हाती लागत नाही. वाशीला प्रोटॉन उपचारांवरच्या, म्हणजे कॅन्सरच्या गाठीवर प्रोटॉन कणांचा मारा करण्यावरच्या, एका सत्राची प्रस्तावना माझ्याकडे आली, तेव्हा नियोजित अध्यक्षबाईंनी फोनवरच बजावलं, ‘‘माझे पुरस्कार वाचू नका. मी रोज सकाळी काय मोजते, तेवढं सांगा.’’

श्रोत्यांत डॉक्टर होते, तसेच बी.एस्सी.चे विद्यार्थी, परिचारिका आणि रुग्णांचे नातेवाईकही होते. कॅन्सरवरच्या सत्राला अध्यक्ष म्हणून डॉक्टर का नाहीत, असा प्रश्न एका काकांनी चहाच्या वेळीच विचारला होता. आमच्या अध्यक्षबाई मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे रुग्णालयात काम करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ. त्यांना त्या खुर्चीत का बसवलं हे समजलं, की सत्राचा विषयही समजतो. प्रस्तावनेच्या पाच मिनिटांत जे मावलं नाही, ते इथे जरा ऐसपैस मांडतो.

सुरुवात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका दाव्यापासून करावी लागली. ‘खारघरला प्रोटॉन मशीन आलंय, फक्त गाठ जळते, साइड इफेक्ट शून्य!’ यातला पहिला भाग खरा आहे. टाटा स्मारक केंद्राच्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत २०२३पासून प्रोटॉन उपचार सुरू आहेत. त्याआधी, २०१९ साली, चेन्नईच्या एका खासगी रुग्णालयात देशातलं पहिलं केंद्र उघडलं होतं. उरलेला दावा मात्र अर्धवट आहे, आणि तो का अर्धवट आहे हे समजायला प्रोटॉन शरीरात शिरल्यावर काय करतो ते पाहावं लागेल.

नेहमीच्या रेडिएशनमध्ये क्ष-किरण वापरतात. रुग्णालयातल्या सर्वसाधारण यंत्राच्या किरणांचा मारा त्वचेखाली साधारण दीड सेंटिमीटरवर सर्वांत जास्त असतो आणि तिथून पुढे हळूहळू उतरत जातो. दहा सेंटिमीटर खोल गेल्यावरही सुमारे दोन तृतीयांश उरतो. गाठीपर्यंत पोचताना वाटेतल्या अवयवांना मार बसतो आणि गाठ ओलांडल्यावर पलीकडच्यांनाही बसतो. म्हणून डॉक्टर अनेक दिशांनी किरण सोडतात. गाठीवर सगळ्या दिशांची बेरीज होते आणि बाकीच्या भागाला थोडा थोडा मार वाटून जातो. ही युक्ती चांगली आहे, पण पलीकडे जाणारे किरण थांबत नाहीत.

प्रोटॉन थांबतो. मला या विषयात सर्वांत आवडणारी गोष्ट हीच, त्यामुळे इथे जरा रेंगाळू द्या.

प्रोटॉन धनभारित असतो. ऊतींमधून जाताना तो आजूबाजूच्या अणूंतल्या इलेक्ट्रॉनांना ओढतो, आणि त्या प्रत्येक ओढीत स्वतःची थोडी ऊर्जा गमावतो. १५० मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट (यापुढे नुसतं एमईव्ही) ऊर्जेचा प्रोटॉन प्रकाशाच्या जवळपास निम्म्या वेगाने धावतो. इतक्या वेगात एखाद्या इलेक्ट्रॉनशेजारून तो जातो, तेव्हा ओढायला वेळच मिळत नाही. आता त्याचा वेग निम्मा झाला असं धरा. इलेक्ट्रॉनजवळचा मुक्काम दुप्पट होईल आणि त्याला दुप्पट हिसका बसेल. शाळेत शिकलेलं गतिज ऊर्जेचं सूत्र आठवा. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हिसका दुप्पट, म्हणजे इलेक्ट्रॉनला मिळालेली ऊर्जा चौपट, आणि ती जाते प्रोटॉनच्या खिशातून. वेग कमी झाला की खर्च वाढतो, खर्च वाढला की वेग आणखी कमी होतो. शेवटच्या काही मिलिमीटरांत हे चक्र एकदम घसरतं आणि प्रोटॉनचं दिवाळं निघतं.

आकड्यांत सांगायचं तर १५० एमईव्हीचा प्रोटॉन पाण्यात सुरुवातीला दर सेंटिमीटरला साधारण साडेपाच एमईव्ही खर्च करतो. त्याच्याजवळ दहा एमईव्ही उरतात तेव्हा हा दर ४५च्या पुढे गेलेला असतो आणि एक एमईव्ही उरतो तेव्हा अडीचशेच्या वर. म्हणून कोणत्या खोलीवर किती ऊर्जा खर्च होते याचा आलेख काढला, तर बराच काळ सपाट रेघ, मग एक टोकदार शिखर आणि त्यानंतर कडा कोसळावा तशी शून्याकडे उतरण. हे ब्रॅग शिखर. विल्यम हेन्री ब्रॅग यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला अल्फा कणांच्या बाबतीत ते पाहिलं होतं. त्याचा कॅन्सरवर उपयोग होईल असं रॉबर्ट विल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने १९४६मध्ये लिहिलं आणि १९५४ साली बर्कलेमध्ये पहिल्या रुग्णावर प्रोटॉन वापरले गेले.

वरचे आकडे पाहून शिखर पन्नास पट उंच असेल असं वाटेल. प्रत्यक्षात ते प्रवेशाच्या पातळीच्या तीन-चार पट असतं. कारण सगळे प्रोटॉन एकाच ठिकाणी थांबत नाहीत. प्रत्येकाच्या वाट्याला थोडे कमी-जास्त धक्के येतात, त्यामुळे सोळा सेंटिमीटर खोलीवर थांबण्याची जागा दोनेक मिलिमीटरने मागेपुढे पसरते आणि टोक बोथट होतं.

आता एक उदाहरण घेऊ. गाठ त्वचेपासून १२ सेंटिमीटरवर सुरू होते आणि १६वर संपते. सोळा सेंटिमीटर गाठायला साधारण १५२ एमईव्ही लागतात, बारा गाठायला १२९. शिखर गाठीच्या मानाने अरुंद असल्यामुळे एकच ऊर्जा पुरत नाही. आधी सर्वांत खोल थर रंगवायचा, मग ऊर्जा किंचित उतरवून त्याच्या अलीकडचा, असं करत पुढच्या कडेपर्यंत यायचं. खोल थरांसाठी आलेले प्रोटॉन वाटेत अलीकडच्या थरांनाही थोडं देऊन जातात, म्हणून अलीकडच्या थरांना कमी प्रोटॉन पुरतात. हा हिशोब संगणक करतो. पण प्रत्येक थराच्या शिखराआधीच्या सपाट भागातली ऊर्जा त्वचेवर जमा होत जाते. गाठ जाड असेल, तर त्वचेला आणि वाटेतल्या ऊतींना गाठीच्या निम्म्याहून बरंच जास्त रेडिएशन मिळू शकतं. ‘फक्त गाठ जळते’ हा दावा इथे गळून पडतो. खरा फायदा पलीकडच्या बाजूला आहे. तिथे जवळपास काहीच पोचत नाही.

बाई रोज सकाळी मोजतात ते हेच. पहिला रुग्ण येण्याआधी पातळ थरांचं एक उपकरण झोतासमोर ठेवायचं आणि ठरलेल्या ऊर्जेचे प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर थांबतात का ते पाहायचं. एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर कारण सापडेपर्यंत रुग्णाला आत घ्यायचं नाही.

यंत्राचा मिलिमीटर असा सांभाळता येतो. अवघड आहे तो रुग्णाच्या शरीरातला मिलिमीटर. उपचाराची आखणी सीटी स्कॅनवरून होते, आणि सीटी स्कॅन सांगतो की ऊती क्ष-किरणांना किती अडवतात. प्रोटॉनला त्या किती अडवतील, हा वेगळा प्रश्न आहे. एकावरून दुसरं काढताना चूक राहते. ती झाकण्यासाठी अनेक केंद्रांत खोलीच्या साडेतीन टक्के आणि वर एक ते तीन मिलिमीटर अशी मोकळीक धरतात. आपल्या उदाहरणात सोळा सेंटिमीटरचे साडेतीन टक्के म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या थोडं वर. त्यात ते एक ते तीन मिळवले, की सात ते नऊ मिलिमीटर होतात. एवढा निरोगी पट्टा गाठीच्या पलीकडे जाणूनबुजून झोतात घ्यावा लागतो. कडा कितीही तीक्ष्ण असली, तरी ती नेमकी कुठे पडणार याची खात्री तेवढीच.

यात शरीर बदललं तर काय होतं, ते नाकामागच्या गाठीत दिसतं. अशा गाठीच्या पाठीमागे मेंदूचा देठ असतो. सीटी काढला त्या दिवशी रुग्णाला सर्दी होती आणि हाडांतल्या पोकळीत दोन सेंटिमीटर शेंबूड साचला होता असं समजा. दोन आठवड्यांनी सर्दी बरी झाली आणि तिथे हवा आली. हवा प्रोटॉनला जवळजवळ अडवतच नाही. जी ऊर्जा शेंबडात खर्च व्हायची होती, ती घेऊन प्रोटॉन आणखी दोन सेंटिमीटर पुढे जातो, थेट देठात. उलट झालं, म्हणजे आधी हवा होती आणि नंतर पोकळी भरली, तर तो दोन सेंटिमीटर अलीकडेच थांबतो आणि गाठीचा मागचा भाग कोरडा राहतो. क्ष-किरणांच्या बाबतीत याच बदलाने मात्रेत फार तर दहा टक्क्यांच्या आत फरक पडला असता. रुग्णाला यातलं काही जाणवत नाही. उपचार चालू असताना मधूनमधून पुन्हा सीटी काढून जुन्या आखणीशी ताडून पाहिला, तरच हे उघडकीस येतं.

म्हणूनच अनुभवी माणसं नाजूक अवयवाच्या दिशेने सरळ झोत सोडून ‘त्याच्याआधी थांबेल’ या भरवशावर राहत नाहीत. शक्यतो झोत बाजूने नेतात. ज्या तीक्ष्ण कड्याची जाहिरात होते, त्याच्यावर जाणकार सर्वांत कमी विसंबतात, ही मला या क्षेत्रातली मोठी गंमत वाटते.

थोडं विषयांतर करतो. प्रश्नोत्तरांत एका नातेवाइकांनी विचारलं, की उपचारानंतर अंगात किरण राहतात का आणि ते काढायला अमुक काढा चालेल का. प्रोटॉनच्या झोतामुळे शरीरातले मोजके अणू किरणोत्सारी होतात, पण त्यांतले बहुतेक काही मिनिटांत विझतात. घरच्यांना धोका नसतो आणि काढून टाकायला काही उरत नाही. ‘रेडिएशन उतरवणारे’ काढे आणि गोमूत्राचे अर्क विकणाऱ्यांना हे सांगण्यात रस नसतो, एवढंच.

आता अध्यक्षांच्या कामाकडे येतो. सत्राध्यक्ष म्हणजे घंटी वाजवून वेळ संपल्याचं सांगणारी व्यक्ती, असा समज आहे. घंटी असतेच, पण निबंध झाल्यावर पहिला प्रश्न कोणता पडतो यावर सत्र कुठे जाईल ते ठरतं. बाई प्रत्येक वक्त्याला एकच प्रश्न विचारतात, ‘‘पल्ल्याची मोकळीक किती धरलीत आणि मधे पुन्हा स्कॅन कधी काढलात?’’ ज्याच्याकडे उत्तर नसतं, त्याच्या रंगीत आकृत्या कितीही देखण्या असोत, निष्कर्ष राखूनच ऐकायचे.

राहिला प्रश्न हा उपचार कुणी घ्यावा याचा. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या, ग्रंथीबाहेर न पसरलेल्या कॅन्सरमध्ये प्रोटॉन आणि आधुनिक क्ष-किरण यांची थेट तुलना अमेरिकेत झाली. तिचे निष्कर्ष २०२४मध्ये मांडले गेले. दोन वर्षांनंतर रुग्णांच्या जीवनमानात फरक आढळला नाही. महाग यंत्र म्हणजे प्रत्येकासाठी चांगलं यंत्र, असं नाही. लहान मुलांचं मात्र वेगळं आहे. मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीत मेंदूबरोबर पूर्ण पाठीच्या कण्यालाही रेडिएशन द्यावं लागतं. पाठीकडून सोडलेले क्ष-किरण कणा ओलांडून हृदय, अन्ननलिका, आतडी यांतून बाहेर पडतात. प्रोटॉन कण्यापाशी थांबवता येतात. ज्या मुलाला पुढे साठ-सत्तर वर्षं जगायचं आहे, त्याच्या हृदयासाठी हा फरक किरकोळ नाही.

त्यातही एक मेख आहे, आणि ती बाईंनी समारोपात सांगितली. प्रोटॉन मज्जारज्जूच्या लगेच पुढे थांबवणं शक्य असतं, तरी वाढत्या वयाच्या मुलात तसं करत नाहीत. मणक्याचा मागचा भाग झोतात आणि पुढचा झोताबाहेर राहिला, तर मागच्याची वाढ खुंटते, पुढचा वाढत राहतो आणि पाठ वाकडी होते. म्हणून अख्खा मणका मुद्दाम झोतात घेतात आणि प्रोटॉन त्याच्या पुढच्या कडेला थांबवतात. मूल उंचीला थोडं कमी भरतं, पण कणा सरळ राहतो.