एनसी वक्ररेषा आणि अभ्यासिकेतला घुमारा: पार्श्वभूमी

बेळगावच्या टिळकवाडीतील एका अभ्यासिकेच्या बरोबर वर वातानुकूलनाच्या पंख्याची खोली आली. डक्टमध्ये सायलेन्सर बसवल्यावर हवेची फुसफुस थांबली. तरी टेबलावरच्या पेल्यातले पाणी थरथरत राहिले आणि खिडकीची तावदाने बारीक वाजत राहिली. खोलीतला यंत्रांचा आवाज किती चालेल हे ठरवणाऱ्या एनसी मोजपट्टीवर मोजणी मात्र एनसी-30 च्या आत होती. मोजणीही बरोबर आणि मुलांची तक्रारही खरी, हे कसे घडले ते कळण्यासाठी या मोजपट्टीचा उगम पाहावा लागतो.

लिओ बेरानेक यांनी 1957 साली अमेरिकेत एनसी वक्ररेषा मांडल्या. कान खोल आवाजाला कमी संवेदनशील असतो, म्हणून एनसी-30 मध्ये 1000 हर्ट्झच्या पट्ट्यात 31 डेसिबल, तर 63 हर्ट्झला 57 डेसिबलपर्यंत मुभा आहे. त्या काळी मुख्य चिंता बोलणे नीट ऐकू येण्याची होती, त्यामुळे मूळ रेषा 63 हर्ट्झच्या खाली उतरतच नव्हत्या. पुढे 1981 मध्ये वॉरन ब्लेझियर यांनी आरसी वक्ररेषा मांडल्या. त्यांत याहून खालचे पट्टे आले आणि हलक्या भिंती व छत थरथरण्याची शक्यता कोठे सुरू होते, तेही दाखवले गेले. माझ्या मते यंत्रखोलीला लागून असलेल्या जागांसाठी ही भर सर्वांत मोलाची आहे.

आमचा पंखा मिनिटाला 870 फेरे घेत होता, म्हणजे 14.5 हर्ट्झ. सायलेन्सरचा येथे काही उपयोग नव्हता, कारण 63 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबीच साडेपाच मीटरच्या आसपास असते, त्याखाली ती आणखी वाढते, आणि सायलेन्सरमधील शोषक पट्ट्या जेमतेम वीतभर जाडीच्या असतात. शिवाय ही थरथर हवेतून नव्हे, स्लॅबमधून उतरत होती. पंख्याखालचे रबरी पॅड वजनाने 3 मिलिमीटर दबले होते. 15.8 ला दबण्याच्या मिलिमीटरांच्या वर्गमुळाने भागले की आधाराची नैसर्गिक वारंवारता मिळते. येथे ती सुमारे 9 हर्ट्झ आली. ती पंख्याच्या इतकी जवळ असल्याने जवळजवळ दोन तृतीयांश बल खाली पोहोचत होते. 25 मिलिमीटर दबणाऱ्या स्प्रिंगांनी ही वारंवारता 3.2 हर्ट्झवर येते आणि खाली उतरणारे बल पाच टक्क्यांवर. हा हिशेब स्लॅब ताठ असल्याचे धरतो. लांब गाळ्याचा स्लॅब स्वतःच लवत असेल तर याहून अधिक दबणाऱ्या स्प्रिंगा लागतात.

उद्यमबागेत लोखंडी चौकट करून घेतली आणि स्प्रिंगा बसवल्या, तरी एका कोपऱ्यात थरथर कायम राहिली. चौकटीखालून कागदाची पट्टी सरकवून पाहिली तेव्हा ती तिथेच अडली: पंख्याखालच्या ओट्याचे काम करताना सांडलेला सिमेंटचा गोळा चौकट आणि ओट्यामध्ये घट्ट बसला होता. तो छिन्नीने काढल्यावर पेल्यातले पाणी स्थिर झाले.