प्रतिमासंचाची विभागणी व प्रतिमावर्धन

प्रतिमासंचाची विभागणी व प्रतिमावर्धन : यंत्राला फोटो ओळखायला शिकवण्यासाठी जमवलेला संच शिकवण्याच्या (ट्रेनिंग) आणि पडताळणीच्या (व्हॅलिडेशन) फोल्डरांत वाटणे, आणि शिकवण्याच्या भागात त्याच फोटोंच्या उलटवलेल्या व फिरवलेल्या प्रती घालून तो वाढवणे, अशी ही जोडप्रक्रिया आहे. या दोन क्रियांचा क्रम चुकला तर पडताळणीचा आकडा निरर्थक ठरतो. म्हणून येथे क्रमाचा व गटवार वाटणीचा विचार विस्ताराने केला आहे.

उगम : विभागणीचा उगम संख्याशास्त्रात आहे, एवढ्यावर एकमत दिसते, श्रेय कोणाला द्यायचे यावर मात्र नाही. एका भागावर बसवलेले समीकरण दुसऱ्या भागावर लावले की त्याची अचूकता घसरते, हे एस. सी. लार्सन यांनी १९३१ मध्ये शैक्षणिक मानसशास्त्राच्या संदर्भात मांडले होते. अनेक लेखक मात्र सुरुवात मर्व्हिन स्टोन (१९७४) व सीमोर गाइसर (१९७५) यांच्यापासून धरतात. या दोघांनी तिला पद्धतशीर सैद्धांतिक रूप दिले हे खरे. पण कल्पना त्याहून जुनी मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

बदललेल्या प्रतींचा इतिहासही असाच विखुरलेला आहे. लोकप्रिय लेखनात तो फोटो ओळखणाऱ्या २०१२ च्या अलेक्सनेट या न्यूरल नेटवर्कपासून सांगितला जातो. त्यात २५६ पिक्सेलच्या चौकोनातून २२४ पिक्सेलचे तुकडे व त्यांची आडवी प्रतिबिंबे घेऊन संच वाढवला होता. पण यान लकून व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हस्तलिखित अंकांच्या विकृत प्रती वापरल्या होत्या. त्याही आधी, १९९० च्या सुमारास, डीन पोमरलो यांच्या ॲल्विन या वाहन चालवणाऱ्या न्यूरल नेटवर्कला रस्त्याची चित्रे सरकवून व फिरवून दाखवली जात. तेथे चित्र फिरवले की सुकाणूची अपेक्षित दिशाही हिशेबाने बदलली जाई. फोटो बदलला तर उत्तर तेच राहते का, हा प्रश्न त्यात आधीच होता; पुढच्या अनेक प्रकल्पांत तो विसरला गेला.

क्रम आणि गळती : समजा कोल्हापूर जिल्ह्यातील एका विद्यार्थीगटाने उसाच्या पानांवरील तांबेरा, तपकिरी ठिपके आणि निरोगी पान असे तीन वर्ग ठरवले. शिरोळ, हातकणंगले, करवीर व पन्हाळा या तालुक्यांतील ३० प्लॉट घेतले, प्रत्येकातून ८ पाने तोडली आणि प्रत्येक पानाचे थोड्या वेगळ्या कोनातून ५ फोटो काढले. एकूण १,२०० फोटो झाले. सगळे एकत्र पिसून ८०:२० असे वाटले की पडताळणीत २४० येतात. दिसायला वाटणी रास्त आहे. मात्र पडताळणीतल्या एखाद्या फोटोची त्याच पानाची चारही भावंडे पडताळणीतच पडण्याची शक्यता ०.२ चा चौथा घात, म्हणजे ०.००१६ इतकीच आहे. याचा अर्थ असा की २४० पैकी जवळपास प्रत्येक फोटोचे पान यंत्राने शिकताना पाहिलेले असते. यंत्र रोग न ओळखता पानावरची फाटलेली कड किंवा मागची बोटे ओळखू लागते. यालाच माहितीची गळती म्हणतात.

आता हाच संच वाटण्याआधी वाढवला, म्हणजे प्रत्येक फोटोचे आडवे प्रतिबिंब आणि १५ अंश डावीकडे व उजवीकडे फिरवलेल्या दोन प्रती घातल्या, तर ४,८०० फोटो होतात आणि पडताळणीत ९६० जातात. त्यांपैकी ज्यांची स्वतःची एकही प्रत शिकवण्याच्या फोल्डरात नाही, असे फोटो सरासरीने आठच उरतात. उरलेल्या फोटोंची परीक्षा म्हणजे आरशात पाहिलेला प्रश्नच पुन्हा विचारणे होय.

योग्य क्रम असा : आधी प्लॉट वाटायचे. ३० पैकी ६ प्लॉट पडताळणीसाठी बाजूला ठेवले की ४८ पाने व २४० फोटो तिकडे जातात आणि शिकवण्यासाठी ९६० राहतात. प्रती फक्त या ९६० च्या काढायच्या. ते ३,८४० होतात आणि पडताळणीचे २४० जसेच्या तसे राहतात. पायथनमध्ये वाटणी अशी होते :

```python
from sklearn.model_selection import GroupShuffleSplit

gss = GroupShuffleSplit(n_splits=1, test_size=0.2, random_state=7)
tr, va = next(gss.split(files, labels, groups=plots))
```

यातील `test_size` हे फोटोंचे नव्हे, गटांचे प्रमाण असते. प्लॉट लहानमोठे असले तर फोटोंचे प्रमाण २० टक्क्यांपासून बरेच हलते. शिवाय वर्गांचा समतोल ही पद्धत पाहत नाही; तपकिरी ठिपके असलेले प्लॉट थोडे असतील तर ते सगळे एकाच बाजूला पडू शकतात. अशा वेळी `StratifiedGroupKFold` वापरतात, किंवा तीस ओळींची यादी हाताने वाटतात. इतक्या लहान संचाला हातवाटणीच बरी.

गटवार वाटणी नवी नाही. अंकांच्या एमनिस्ट संचात शिकवण्याचे व चाचणीचे अंक लिहिणारी माणसे मुद्दाम वेगळी ठेवली होती. पिकांच्या पानांवरील २०१६ च्या प्रसिद्ध अभ्यासात (मोहंती, ह्यूज व सलाथे) ५४,३०६ फोटो होते. ज्या फोटोंबाबत पानाची ओळख उपलब्ध होती, त्यांत एका पानाचे सगळे फोटो एकाच बाजूला ठेवले होते. तेथे ९९.३५ टक्के अचूकता मिळाली. पण वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर ती ३१ टक्क्यांच्या आसपास उतरली. म्हणजे पानांची गळती थांबवली तरी पार्श्वभूमीचा प्रश्न उरतो.

कोल्हापुरात हा प्रश्न मातीच्या रंगातून येतो. शिरोळकडे काळी जमीन, पश्चिमेकडे डोंगरउतारावर तांबडी. तांबेऱ्याचे बहुतेक फोटो शिरोळचे आणि निरोगी पानांचे बहुतेक पन्हाळ्याचे असतील, तर यंत्र माती पाहून उत्तर देऊ शकते. प्लॉटवार वाटणीत हे उघडे पडत नाही, कारण दोन्ही बाजूंना तीच जोडी असते. एक अख्खा तालुका बाजूला ठेवून पाहिले, तरच अचूकता कोसळते आणि दोष कळतो.

शेतकऱ्यांकडून व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंची आणखी एक भानगड असते. तोच फोटो दोन गटांतून फिरून येतो आणि वाटेत पुन्हा दाबला जातो. त्यामुळे फाइलींची बाइटवार तुलना त्याला जुळा म्हणून पकडत नाही. दृश्य साम्यावर आधारलेला हॅश, म्हणजे चित्राचा छोटा अंकी ठसा, बहुधा पकडतो, पण उलटवलेली प्रत त्यालाही परकी वाटते. म्हणून प्रत्येक फोटोच्या प्रतिबिंबाचाही हॅश काढून जुळवावा लागतो.

प्रती काढण्यातील तपशील : फोन उभा धरला की तो पुष्कळदा चित्र न फिरवता ‘असे दाखवा’ एवढी खूण फाइलीत ठेवतो. पिलो ही लायब्ररी फाइल उघडताना ती खूण आपोआप लागू करत नाही आणि नवी प्रत जतन करताना ती सहसा गळून जाते. परिणामी फोल्डरात मूळ फोटो सरळ व प्रत आडवी दिसते, आणि यंत्राला मात्र दोन्ही आडव्याच मिळतात. म्हणून पहिली पायरी ही :

```python
from PIL import Image, ImageOps

im = ImageOps.exif_transpose(Image.open(path))
flip = ImageOps.mirror(im)
rot = im.rotate(15, resample=Image.BICUBIC)
```

`rotate` धन कोनाला घड्याळाच्या उलट दिशेने फिरवते. `resample` दिले नाही तर ते जवळचा पिक्सेल जसाच्या तसा उचलते. तांबेऱ्याचे दोन-तीन पिक्सेलचे पुटकुळे त्यात दातेरी होतात किंवा नाहीसे होतात.

याहून मोठी अडचण कोपऱ्यांची. १५ अंश फिरवलेल्या चौकोनी फोटोच्या चारही कोपऱ्यांत काळे त्रिकोण येतात. सगळ्या वर्गांना ते सारखे आले तर फारसे बिघडत नाही. पण अनेकदा ज्या वर्गाचे फोटो कमी, त्याच्याच प्रती काढून संख्या जुळवली जाते. मग ‘काळा कोपरा म्हणजे तपकिरी ठिपके’ असा धडा यंत्र शिकते. शिकवताना अचूकता उत्तम येते आणि पडताळणीत, जिथे काळे कोपरेच नाहीत, नेमका तोच वर्ग हुकतो. अशी एकाच वर्गातली घसरण दिसली की आधी प्रती उघडून पाहाव्यात. उपाय भूमितीचा आहे : मधला चौकोन कापून घ्यायचा. १५ अंशांसाठी मूळ बाजू अंतिम बाजूच्या सुमारे १.२२ पट लागते, म्हणजे २२४ पिक्सेल हवे असतील तर किमान २७५. ४५ अंशांना ३१७.

प्रती डिस्कवर न साठवता शिकवतानाच यादृच्छिक रीतीने काढण्याची प्रथा आता अधिक रूढ आहे. केरास या लायब्ररीच्या जुन्या `ImageDataGenerator` मध्ये एकाच जनरेटरवर `validation_split` दिला की पडताळणीचे फोटोही फिरवले जातात, आणि तो भाग न पिसता नावाच्या क्रमाने सुरुवातीचे फोटो उचलून बनतो. टॉर्चव्हिजन या लायब्ररीच्या `ImageFolder` मध्ये वर्गक्रमांक फोल्डरांच्या नावांवरून वर्णक्रमाने ठरतात. पडताळणीच्या `val` फोल्डरात एखाद्या वर्गाचे फोल्डरच नसेल, तर त्यापुढच्या सर्व वर्गांचे क्रमांक एकाने सरकतात आणि कोणतीही चूक न दाखवता अचूकता कोसळते.

मर्यादा : उलटवणे सर्वत्र निरुपद्रवी नाही. उसाचे पान आडवे उलटवले तरी तांबेरा तांबेराच राहतो. कारखान्याच्या काट्यावरील हस्तलिखित पावत्यांचे अंक वाचायचे असतील तर मात्र ३ चे प्रतिबिंब ६ च्या जवळ जाते. छत्तीसचा आकडा पाठमोरा दिसतो तो याच ठेवणीमुळे. अशा संचात उलटवणे वर्ज्य आणि फिरवणेही थोड्याच अंशांचे ठेवतात. कोल्हापुरी चपलांच्या फोटोंत डावा व उजवा पाय असे वर्ग असतील, तर उलटवलेली प्रत ठेवता येते, पण लेबलही बदलावे लागते.

रोगट भागाभोवती चौकटी आखलेल्या संचात फोटोबरोबर चौकटही हलवावी लागते. W रुंदीच्या फोटोच्या आडव्या प्रतिबिंबात नवी डावी कड `W − x_max` व नवी उजवी कड `W − x_min` होते; दोन्हींची अदलाबदल राहून गेल्यास चौकटीची रुंदी ऋण येते. तिरक्या कोनातून फिरवल्यावर चौकट सरळ राहत नाही. तिच्या चार टोकांभोवती नवी सरळ चौकट आखतात आणि ती मूळ डागापेक्षा सैल असते. उसाच्या लांबट, पट्टीसारख्या डागांना हा सैलपणा गोल डागांपेक्षा जास्त जाचतो.