समुद्रतळ जातो कुठे? भूपट्टांच्या सिद्धांताची पार्श्वभूमी

खंड एकेकाळी एकत्र होते आणि नंतर दूर सरकले, ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी 1912 मध्ये मांडली. किनाऱ्यांचे जुळणारे आकार आणि महासागराच्या दोन्ही बाजूंना सापडणारे सारखे जीवाश्म यांचा आधार त्यांच्याकडे होता. मात्र एवढे मोठे भूभाग समुद्रतळाच्या कठीण खडकातून कोणत्या बळाने पुढे सरकतात, याचे समाधानकारक उत्तर त्यांना देता आले नाही. हा आक्षेप रास्त होता, कारण समुद्रतळ स्वतःच हलत असेल हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर समुद्रतळाची खोली सविस्तर मोजली जाऊ लागली. मारी थार्प यांनी 1950 च्या दशकात अटलांटिकचा नकाशा तयार करताना मध्यभागातील पर्वतरांगेच्या माथ्यावर एक लांबलचक खचदरी दाखवली आणि भूकंपांची नोंदलेली ठिकाणेही त्याच दरीच्या रेषेवर पडत असल्याचे आढळले. तेथे तळ दुभंगतो, खालून शिलारस वर येतो आणि थिजून नवा तळ बनतो, असे हॅरी हेस यांनी 1962 मध्ये प्रतिपादन केले. पुढच्याच वर्षी रांगेच्या दोन्ही बाजूंच्या खडकांतील चुंबकत्वाच्या पट्ट्यांचा अर्थ फ्रेडरिक व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी याच प्रक्रियेवरून लावला. पण पृथ्वीचा आकार वाढत नसेल, तर जितका नवा तळ तयार होतो तितकाच जुना कुठेतरी नाहीसा व्हायला हवा.

त्याचा माग खरे तर आधीच लागला होता. जपानचे कियू वादाती यांनी 1920 आणि 1930 च्या दशकांत भूकंपांची खोली तपासली, तेव्हा सागरी गर्तेजवळचे, म्हणजे समुद्रतळातील खोल, लांबट खाचेजवळचे भूकंप उथळ आणि आशिया खंडाकडे जावे तसे अधिकाधिक खोल होत असल्याचे त्यांना दिसले. भूकंपांचा हा तिरका पट्टा म्हणजे खंडाखाली उतरत जाणारा जुना समुद्रतळ, हा अर्थ मात्र पुढे काही दशकांनी स्पष्ट झाला.

27 मार्च 1964 रोजी अलास्कात झालेल्या 9.2 तीव्रतेच्या भूकंपाने या अर्थाला भक्कम पुरावा दिला. जॉर्ज प्लाफ्कर यांनी किनाऱ्यावरील खडकांना चिकटून राहणाऱ्या बार्नॅकल या जीवांची वरची मर्यादा पाहून जमीन किती उचलली गेली ते मोजले. भरतीचे पाणी पोहोचते त्याच उंचीपर्यंत हे जीव जगतात, म्हणून मेलेल्या जीवांची रेषा भरतीरेषेच्या जितकी वर, तितकी जमीन वर आलेली असते. समुद्राकडचा लांबच लांब पट्टा उचलला गेला होता, काही ठिकाणी दहा मीटरहूनही अधिक, तर त्याला समांतर असा आतल्या बाजूचा पट्टा खचला होता. या दोन पट्ट्यांमध्ये उभा भ्रंश, म्हणजे जिच्यावरून खडक सरकतात अशी भेग, असती, तर त्याची फूट जमिनीवर दिसली असती; तशी ती कुठेच नव्हती. त्यामुळे भ्रंश जवळजवळ आडवा, मंद उताराचा असून पॅसिफिकचा तळ अलास्काखाली सरकतो, असा निष्कर्ष प्लाफ्कर यांनी काढला.

तेथे वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर हालचाल होते. भूपट्ट म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचे सरकणारे प्रचंड तुकडे. असे दोन भूपट्ट एकमेकांत अडकून राहिले, तर शंभर वर्षांत साधारण पाच मीटरची हालचाल थकीत राहते. या काळात वरच्या भूपट्टाची कड खाली ओढली जाते आणि तिच्यामागची जमीन दाबली जाऊन फुगते. अडकलेला भाग सुटला की कड उसळते आणि मागचा भाग खचतो. ताण किती साचला याचा अंदाज यावरून बांधता येतो, पण तो कोणत्या दिवशी सुटेल हे सांगता येत नाही.

ज्वालामुखींचा उलगडाही याच उतरत्या तळातून होतो. हा तळ आपल्या खनिजांत समुद्राचे पाणी घेऊन जातो. साधारण 100 किलोमीटर खोलीवर पोहोचेपर्यंत दाब आणि उष्णतेमुळे त्यातले बरेच पाणी बाहेर पडते, वरच्या तप्त खडकात मिसळते आणि त्याचा वितळणबिंदू खाली आणते. उष्णता वाढल्याने नव्हे, तर पाणी मिसळल्याने खडक वितळतो, ही बाब मला या विषयातली सर्वांत विलक्षण वाटते. म्हणूनच अल्यूशियन बेटांसारख्या ठिकाणी ज्वालामुखींची रांग गर्तेला समांतर, पण तिच्यापासून बऱ्याच अंतरावर दिसते. हवाईचे ज्वालामुखी मात्र भूपट्टाच्या मध्यावर आहेत. त्यांना हे स्पष्टीकरण लागू पडत नाही.

उतरत्या तळामागून एखादा खंड आला की चित्र बदलते. खंडाचा खडक हलका असल्याने तो खोल बुडत नाही. त्याचे थर दुमडतात आणि एकावर एक चढतात. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी मधला महासागर संपून भारत आशियाला भिडला आणि हिमालय उभा राहू लागला. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा सागरी चुनखडक त्याची साक्ष देतो. सागरी तळाचे खाली जाणे थांबल्याने हिमालयात ज्वालामुखींची रांग नाही, पण मंद उताराचा भ्रंश आजही सक्रिय आहे. 25 एप्रिल 2015 च्या नेपाळ भूकंपात काठमांडूचा परिसर सुमारे एक मीटर उचलला गेला आणि उत्तरेकडील उंच पर्वतांचा भाग खचला, म्हणजे अलास्कात समुद्राकाठी दिसलेलीच रचना येथे पर्वतांच्या पायथ्याशी आढळली.